पाण्यात टेकलेली तार: १० मार्च १८७६ च्या टेलिफोनने शब्द कसा वाहून नेला

बॉस्टन शहरातल्या ५, एक्सेटर प्लेस या घरातील दोन खोल्यांमध्ये १० मार्च १८७६ च्या संध्याकाळी जे घडले, त्याची नोंद अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी आपल्या प्रयोगवहीत स्वतःच्या हाताने करून ठेवली आहे. त्यांनी एका खोलीतून आपल्या सहकाऱ्याला, थॉमस वॉटसन यांना, हाक मारली : ‘‘मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला भेटायचे आहे.’’ मधली दारे बंद होती. वॉटसन आले, आणि आपण काय ऐकले ते त्यांनी शब्दशः सांगितले. बेल तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते, वॉटसन बावीस वर्षांचे.

ही हाक जगभर सांगितली जाते. ती तारेतून गेली कशी, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्या संध्याकाळच्या यंत्रात आवाज टिपण्याचे काम एका कपातल्या आम्लयुक्त पाण्याने आणि त्यात जेमतेम टेकलेल्या एका तारेने केले होते, तर तो पुन्हा उमटवण्याचे काम एका विद्युतचुंबकाने आणि त्याच्यासमोरच्या पोलादी पट्टीने. दोन टोकांना दोन अगदी वेगळ्या युक्त्या होत्या. प्रस्तुत प्रकरणात या दोन युक्त्या, त्यांच्यामागची एक अट, आणि त्या संध्याकाळी आवाज ‘मोठा पण अस्पष्ट’ का आला, एवढ्याच गोष्टींचा विचार केला आहे.

अडचण नेमकी कोठे होती

हार्मोनियमवर एक सूर धरावा आणि तोच सूर बासरीवर काढावा. सूर एकच, म्हणजे हवेच्या कंपांची दर सेकंदाची संख्या एकच. तरीही डोळे मिटून ऐकणारा माणूस दोन्ही वाद्ये क्षणात ओळखतो. फरक असतो तो लाटेच्या आकारात. हवेचा दाब प्रत्येक कंपात नेमका कसा चढतो, कोठे थबकतो, कसा उतरतो, यावर वाद्याचा पोत ठरतो. हीच गोष्ट बोलण्याची आहे. एकाच पट्टीत ‘आ’ म्हणा आणि मग ‘ई’ म्हणा. कंपसंख्या बदलत नाही, तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो, आणि त्याबरोबर लाटेचा आकार बदलतो. स्वर ओळखू येतो तो याच आकारामुळे.

त्या काळची तारायंत्रे मात्र एकच भाषा जाणत होती : मंडल जोडलेले किंवा तुटलेले. कळ दाबली की प्रवाह पूर्ण, सोडली की शून्य. जर्मनीत फिलिप राइस यांनी १८६१ मध्ये जे यंत्र दाखवले, ते मूलतः याच तत्त्वावर बेतलेले होते. आवाजाने एक पडदा थरथरत असे आणि प्रत्येक थरथरीत तो एक संपर्क जोडून तोडत असे. सेकंदाला दोनशे कंप असले तर प्रवाह दोनशे वेळा तुटे. म्हणून गाण्याची चाल पलीकडे पोहोचत असे. परंतु लाट हळुवार चढली की झटकन चढली, मध्ये एक लहान उंचवटा होता की नव्हता, यातले काहीही त्या ‘जोड-तोडी’त शिल्लक राहत नसे. शब्द ज्या आकारात दडलेला असतो, तो आकारच संपर्कापाशी छाटला जात असे. राइस यांच्या यंत्रातून कधी कधी एखादा शब्द कळला असल्याचे दाखले आहेत, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही : संपर्क हलका ठेवला आणि आवाज बेताचा असला तर तो पुरता तुटत नाही, केवळ त्यावरचा दाब कमीजास्त होतो. म्हणजे यंत्र आपल्या तत्त्वाविरुद्ध वागले की शब्द जात असे, आणि तत्त्वानुसार वागले की केवळ सूर जात असे.

बेल यांचे मूळ क्षेत्र वीज नव्हे, उच्चार हे होते. ते बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवत, आणि बॉस्टन विद्यापीठात वाणीच्या शारीरविज्ञानाचे प्राध्यापक होते. माझ्या मते त्यांची खरी आघाडी येथेच होती. विजेची हाताळणी त्यांच्याहून उत्तम जाणणारी माणसे त्या काळी अमेरिकेत पुष्कळ होती. पण स्वर म्हणजे लाटेचा आकार, आणि तो आकार मधल्या कोणत्याही पायरीवर तुटता कामा नये, हे ज्याच्या रोजच्या कामाचा भाग होते असा माणूस विरळा. त्यांनी आपल्या पेटंटमध्ये मागितलेला हक्कही नेमका हाच होता : आवाजाबरोबर होणाऱ्या हवेच्या कंपांशी आकाराने सारखे असे विजेचे तरंग निर्माण करून आवाज पाठवण्याची रीत. हा अर्ज १४ फेब्रुवारी १८७६ रोजी दाखल झाला आणि ७ मार्चला १,७४,४६५ या क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. म्हणजे हाक ऐकू येण्याच्या तीन दिवस आधी.

अडकलेली पट्टी

तरंगासारखा प्रवाह मिळवण्याचा पहिला मार्ग जून १८७५ मध्ये जवळजवळ अपघाताने उघड झाला होता. बेल आणि वॉटसन तेव्हा बॉस्टनच्या कोर्ट स्ट्रीटवरील चार्ल्स विल्यम्स यांच्या कारखान्याच्या माळ्यावर, एकाच तारेतून अनेक संदेश पाठवणाऱ्या तारायंत्रावर काम करत होते. त्यात वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या पोलादी पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीचे एक टोक घट्ट बसवलेले, दुसरे टोक विद्युतचुंबकाच्या ध्रुवावर मोकळे, आणि वरून एक स्क्रू तिला टेकलेला. पट्टी थरथरली की स्क्रूशी तिचा संपर्क जुळे आणि तुटे.

२ जूनला एक पट्टी अडकून बसली. स्क्रू जरा जास्त पिळला गेला होता, त्यामुळे पट्टी संपर्क सोडतच नव्हती. वॉटसन यांनी ती बोटाने छेडली. दुसऱ्या खोलीत दुसऱ्या पट्टीशी कान लावून बसलेल्या बेल यांना त्या छेडण्याचा आवाज ऐकू आला. नुसता टिकटिकाट नव्हे, छेडलेल्या पट्टीचा नाद, तिच्या पोतासह. ते धावत आले आणि काहीही न हलवता सगळे जसेच्या तसे दाखवा, असे म्हणाले.

घडले ते असे. मंडल तुटत नसल्यामुळे जोड-तोड थांबली होती. पोलादी पट्टीत चुंबकत्व मुरलेले होते आणि ती विद्युतचुंबकाच्या, म्हणजे तारेच्या गुंडाळीच्या, ध्रुवासमोर खालीवर होत होती. चुंबक गुंडाळीजवळ सरकला किंवा दूर गेला की गुंडाळीत प्रवाह उत्पन्न होतो, हा फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेला नियम. पट्टी वेगाने जवळ येते तेव्हा प्रवाह एका दिशेला अधिक, दूर जाते तेव्हा उलट दिशेला अधिक, आणि क्षणभर थांबते तेव्हा शून्य. म्हणजे प्रवाह तुटत नव्हता. पट्टीच्या हालचालीबरोबर अखंड चढत उतरत होता.

दुसऱ्याच दिवशी वॉटसन यांनी नवे यंत्र तयार केले. लाकडी चौकट, तिच्यात ताणलेला पातळ कातड्याचा पडदा, पडद्याच्या मध्याला जोडलेली पट्टी आणि तिच्यासमोर विद्युतचुंबक. फाशीच्या चौकटीसारख्या दिसणाऱ्या या यंत्रातून बोलल्याचे आवाज तर आले, पण शब्द कळले नाहीत.

कारण शक्तीच्या हिशेबात आहे. या पद्धतीत तारेतून जाणारी सगळी ऊर्जा बोलणाऱ्याच्या आवाजातून आलेली असते. आवाजाच्या दाबाने पडदा हलतो, पडदा पट्टी हलवतो, पट्टी वीज निर्माण करते, आणि प्रत्येक पायरीवर मोठी गळती असते. बोलण्यातली ऊर्जा मुळातच अतिशय कमी, आणि पट्टी जड. पडद्याला ती हलवायला लागणारा जोर परवडत नाही. विशेषतः व्यंजनांतली बारीक, जलद कंपने तर पट्टीच्या जडत्वातच विरून जातात.

पाणी नळाच्या तोटीसारखे

दुसरा मार्ग असा की आवाजाने वीज निर्माण करूच नये. वीज बॅटरीने पुरवावी आणि आवाजाने तिचे फक्त नियमन करावे. नळाची तोटी फिरवायला हाताचा अल्प जोर पुरतो, पण तोटीतून येणारा झोत टाकीच्या दाबाने येतो. तसेच येथे. पडद्याने एक लहानशी गोष्ट हलवायची, आणि तिच्या हलण्याने बॅटरीच्या प्रवाहाच्या वाटेतला अडथळा, म्हणजे रोध, कमीजास्त व्हायचा. दाब तोच असताना रोध घटला की प्रवाह वाढतो, रोध वाढला की प्रवाह घटतो.

बेल यांच्या पेटंटमध्ये रोध बदलून तरंग निर्माण करण्याचा हा पर्याय आला होता. योगायोग असा की त्याच १४ फेब्रुवारीला शिकागोजवळचे संशोधक एलिशा ग्रे यांनीही द्रवात बुडणाऱ्या तारेच्या प्रेषकाचे, म्हणजे बोलण्याच्या बाजूच्या यंत्राचे, वर्णन पेटंट कार्यालयात दिले होते, आणि त्यावरून पुढे मोठा वाद झाला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. येथे एवढेच पाहायचे की ८ मार्चला बेल यांनी नादकाटा पाण्यात टेकवून प्रयोग केले, आणि १० मार्चला सकाळी नवे यंत्र बनवून संध्याकाळी ते वापरले.

त्याची रचना डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. वर बोलण्याचे तोंड. त्याच्या तळाशी ताणलेला पातळ पडदा. पडद्याच्या खालच्या बाजूने, मध्यावर जोडलेली एक उभी प्लॅटिनमची तार. तारेखाली पाण्याचा कप, पाण्यात थोडे आम्ल मिसळलेले. त्याच पाण्यात बुडालेली एक पितळी नळी. बॅटरीचा प्रवाह तारेतून येतो, टोकापाशी पाण्यात उतरतो, पाण्यातून पितळी नळीकडे जातो, आणि तेथून लांब तारेने दुसऱ्या खोलीतल्या ग्राहक यंत्राकडे. आम्ल मिसळायचे ते अशासाठी की शुद्ध पाणी प्रवाहाला फारच अडवते. आम्लाने ते वाहक होते.

आता तारेचे टोक पाहावे. पाण्याला जेवढा तारेचा पृष्ठभाग भिजलेला असतो, तेवढी प्रवाहाला उतरायला जागा मिळते. टोक खोल गेले की भिजलेला भाग वाढतो आणि रोध घटतो. टोक वर आले की उलट. एक हिशेब करून पाहू. यातले आकडे बेल यांच्या वहीतले नाहीत, केवळ प्रमाण कळावे म्हणून घेतले आहेत, आणि रोध खोलीच्या व्यस्त प्रमाणात असतो असे सोपे गृहीतक धरले आहे.

बॅटरी ६ व्होल्टची. तारा, गुंडाळी आणि बॅटरी यांचा मिळून रोध ४० ओहम. टोक १ मिलिमीटर बुडालेले असताना पाण्याचा रोध ६० ओहम. एकूण १०० ओहम, म्हणून प्रवाह ६० मिलिअँपिअर. बोलताना पडद्याने टोक ०.०५ मिलिमीटर खाली नेले, तर पाण्याचा रोध सुमारे ५७ ओहमवर येतो आणि प्रवाह ६१.८ मिलिअँपिअर होतो. तेवढेच वर नेले, तर रोध सुमारे ६३ ओहम आणि प्रवाह ५८.२. म्हणजे कागदाच्या जाडीच्या जवळपास निम्म्या हालचालीने प्रवाह दोन्ही बाजूंना १.८ मिलिअँपिअरने डोलतो, आणि टोक जसे हलते तसाच डोलतो.

आता हेच टोक ५ मिलिमीटर बुडवून ठेवले असे समजू. पाण्याचा रोध १२ ओहमवर येतो, स्थिर प्रवाह ११५ मिलिअँपिअरपर्यंत जातो. प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला, म्हणून आवाजही वाढेल असे वाटण्याचा संभव आहे. घडते उलटेच. तीच ०.०५ मिलिमीटरची हालचाल आता एकूण खोलीच्या शंभरावा भाग आहे, त्यामुळे प्रवाह जेमतेम ०.२७ मिलिअँपिअरने बदलतो. वीज अधिक वाहते आहे, पण तीत बोलणे सातव्या हिश्श्यावर आले आहे. पलीकडच्या कानाला स्थिर प्रवाह ऐकू येत नाही; ऐकू येतो तो बदल. म्हणूनच टोक पाण्याला जेमतेम टेकलेले हवे.

जेमतेम टेकवण्याची किंमत मात्र द्यावी लागते. टोक उथळ ठेवले आणि कोणी मोठ्याने बोलले, की ते पाण्याबाहेर येते आणि प्रवाह तुटतो. त्या क्षणी यंत्र पुन्हा राइस यांच्या पद्धतीवर जाते. असे होऊ लागले हे कानाला लगेच समजते : शब्दांच्या जागी खरखर येऊ लागते, आणि मोठ्या आवाजाच्या अक्षरांवर ती अधिक असते. टेबलाला धक्का लागला, कप हिंदकळला, तरी हीच गत. दुसरी अडचण हळूहळू येते. आम्लयुक्त पाण्यातून प्रवाह वाहताना पाण्याचे विघटन होते आणि धातूच्या पृष्ठभागावर वायूचे बारीक बुडबुडे चिकटतात. हे बुडबुडे तारेचे टोक झाकतात, रोध स्वतःहून बदलत राहतो, आणि मघाशी नीट जुळवलेली खोली थोड्या वेळाने पुन्हा जुळवावी लागते.

परतीची वाट

वॉटसन यांच्या खोलीतल्या यंत्रात पाणी नव्हते. तेथे गुंडाळीचा विद्युतचुंबक होता आणि त्याच्या ध्रुवासमोर जूनमधल्यासारखीच पोलादी पट्टी. वॉटसन यांनी एक कान त्या पट्टीवर घट्ट दाबला होता आणि दुसरा हाताने झाकला होता.

गुंडाळीतून प्रवाह वाढला की चुंबक पट्टीला अधिक ओढतो, प्रवाह घटला की ओढ सैल होते आणि पट्टी आपल्या लवचिकतेने मागे जाते. येथपर्यंत सरळ आहे. पण विद्युतचुंबकाची ओढ प्रवाहाच्या प्रमाणात नसते, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून येते. प्रवाह उजवीकडून वाहो वा डावीकडून, लोखंड ओढलेच जाते, ढकलले कधीच जात नाही.

समजा तारेतून स्थिर प्रवाह मुळीच वाहत नाही, केवळ १.८ मिलिअँपिअरचा तरंग पुढेमागे डोलतो आहे. तरंग उजव्या टोकाला गेला की ओढ १.८ चा वर्ग, म्हणजे ३.२, डाव्या टोकाला गेला तरी पुन्हा ३.२. एका लाटेत पट्टी दोनदा ओढली जाते. सूर एका सप्तकाने वर चढतो, लाटेचा आकार पार बिघडतो, आणि शब्द हरवतो.

आता तोच तरंग ६० मिलिअँपिअरच्या स्थिर प्रवाहावर बसवू. स्थिर ओढ ६० चा वर्ग, म्हणजे ३,६००. प्रवाह ६१.८ झाला की ३,८१९, ५८.२ झाला की ३,३८७. म्हणजे वर २१९ आणि खाली २१३. दोन्ही बाजू जवळजवळ समान, म्हणून आकार जवळजवळ जसाच्या तसा. आणि बदलाचा आकडा ३ च्या जागी दोनशेच्या वर. स्थिर प्रवाह स्वतः काहीच बोलत नाही, पण तो नसता तर पट्टीला बोलता आले नसते. पाण्याच्या प्रेषकासाठी बॅटरी तारेत होतीच, त्यामुळे ही अट १० मार्चला आपोआप पुरी झाली. बॅटरीविना चालणाऱ्या यंत्रात हेच काम पोलादात मुरलेले चुंबकत्व करते. आणि ३० जानेवारी १८७७ च्या बेल यांच्या दुसऱ्या पेटंटात कायम चुंबक आणि लोखंडी चकती अशी जोडी येते.

चुंबक आणि पट्टी यांची ही जोडी उलट दिशेनेही चालते, आणि तो अनुभव आजही सहज घेता येतो. जुना स्पीकर किंवा कानातला इअरफोन माइकच्या खोबणीत जोडून त्यात बोलले, तर आवाज पकडला जातो. क्षीण असतो, पण बोलणे कळते. जे साधन प्रवाहाने पडदा हलवते, तेच पडदा हलवला असता प्रवाह देते. पाण्याच्या कपाला हे साधत नाही. त्यात प्रवाह सोडला तर त्यातून आवाज निघत नाही. ती तोटी एकाच दिशेने काम करते. म्हणून त्या संध्याकाळी वॉटसन यांचा आवाज ऐकायचा, तर दोघांना जागा बदलाव्या लागल्या.

वहीतली साक्ष

त्यांनी जागा बदलल्या. वॉटसन यांनी एका पुस्तकातले काही उतारे प्रेषकात वाचले आणि बेल पट्टीशी कान लावून बसले. वहीत बेल यांनी जे लिहिले आहे, त्यातला प्रामाणिकपणा मला त्या प्रसिद्ध हाकेहूनही मोलाचा वाटतो. आवाज मोठा होता, पण अस्पष्ट आणि दबलेला. उतारा आधी वाचलेला असता तर प्रत्येक शब्द ओळखता आला असता, असे ते म्हणतात. तसा तो नसल्यामुळे अर्थ लागला नाही. ‘टू’, ‘आउट’, ‘फर्दर’ असे सुटे शब्द कळले. शेवटी मात्र वॉटसन यांनी ‘मिस्टर बेल, मी काय म्हणतो ते तुम्हाला समजते का’ असे विचारले आणि तेच पुन्हा अक्षर अक्षर तोडून म्हटले, तेव्हा ते स्पष्ट ऐकू आले.

‘मोठा पण दबलेला’ या वर्णनातून यंत्राचे निदान करता येते. आवाज मोठा होता, म्हणजे तोटीची युक्ती चालली होती आणि बॅटरीची शक्ती पट्टीपर्यंत पोहोचत होती. जून १८७५ मधली अडचण सुटली होती. दबलेला होता, म्हणजे जलद कंपने वाटेत हरवत होती. स्वरांची ताकद तुलनेने मंद कंपनांत असते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची ओळख सेकंदाला काही हजार कंप असलेल्या सळसळीत असते. ताणलेला पडदा, त्याला लटकलेली तार आणि तिच्याभोवती चिकटलेले पाणी हे सगळे मिळून इतक्या वेगाने हलण्यास जड आहेत. दुसऱ्या टोकाची पोलादी पट्टी तर आणखी जड, शिवाय तिला स्वतःचा एक सूर आहे. त्या सुराजवळची कंपने ती वाजवीपेक्षा अधिक उचलते आणि बाकीची मागे पडतात. कान पट्टीवर घट्ट दाबण्याचा फायदा येथे कळतो. दाबल्याने आवाज थेट कानाशी पोहोचतोच, शिवाय पट्टीचे स्वतःचे गुंजन दबते आणि ती प्रवाहाच्या मागे अधिक निमूटपणे हलते. तानपुऱ्याच्या तारेला बोट टेकले की तिची आस तुटते, तशातलाच हा प्रकार.

स्वर पोहोचले आणि व्यंजने गळाली, तर ऐकणाऱ्याला काय मिळते? वाक्याची लय, स्वरांचा क्रम, आणि मधल्या रिकाम्या जागा. काय बोलले जाणार याची अटकळ असली की मन त्या जागा भरून काढते. अनोळखी पुस्तकातला उतारा कळला नाही आणि समोरच्या माणसाने विचारलेला साधा प्रश्न कळला, याचे कारण मला हेच दिसते. वॉटसन यांना ऐकू आलेली पहिली हाकही अशीच लहान, ओळखीच्या नावाने सुरू होणारी आणि ओरडून म्हटलेली होती. आम्ल कपड्यांवर सांडले म्हणून ती मदतीची हाक होती, ही गोष्ट वॉटसन यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितली. बेल यांच्या त्या दिवसाच्या नोंदीत तिचा उल्लेख नाही.

त्याच नोंदीत आणखी एक छोटे वाक्य आहे आणि ते सहज नजरेतून सुटते : ग्राहक यंत्रातली पट्टी काढून टाकली असता काहीही ऐकू आले नाही. शेजारच्या खोलीत कोणी ओरडत असेल तर तो आवाज भिंतीतून किंवा दाराच्या फटीतूनही येऊ शकतो, आणि ऐकण्यास आतुर असलेला कान स्वतःला सहज फसवतो. पट्टी काढल्यावर तारा, गुंडाळी, बॅटरी आणि बोलणारा माणूस सगळे जागेवर होते. तरीही शांतता होती. म्हणजे शब्द पट्टीतूनच येत होता.

पाणी गेले, तोटी राहिली

बेल यांनी द्रवाचा प्रेषक फार काळ चालवला नाही. २५ जून १८७६ रोजी फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात भौतिकशास्त्रज्ञ सर विल्यम थॉमसन आणि ब्राझीलचे सम्राट पेद्रो दुसरे यांच्यासमोर त्यांचा टेलिफोन बोलला, तेव्हा भर चुंबक आणि पडदा यांच्या जोडीवर होता. ९ ऑक्टोबरला बॉस्टन आणि केंब्रिजपोर्ट यांच्यामधल्या सुमारे दोन मैलांच्या तारेवर दोन्ही बाजूंनी संभाषण झाले, तेही चुंबकाच्याच यंत्रांवर. सोय उघड होती : कप नाही, आम्ल नाही, जुळवाजुळव नाही, आणि एकच यंत्र बोलायला आणि ऐकायलाही. तोटा मात्र जुनाच होता. शक्ती फक्त बोलणाऱ्याच्या आवाजाची, त्यामुळे तार लांबली की आवाज मावळत जाई.

तोटी परत आली ती कोळशाच्या रूपात. थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये कार्बनचा प्रेषक पुढे आणला. कार्बनवर दाब वाढला की त्याच्या कणांतले स्पर्श वाढतात आणि रोध घटतो, दाब सैल झाला की रोध वाढतो. पाण्यात बुडणाऱ्या टोकाचेच हे काम, पण सांडण्याची किंवा टोक उचलले जाण्याची भीती नाही. याचेच पुढचे रूप म्हणजे कार्बनच्या कणांची डबी.

घरातला जुना, काळा, डायलचा फोन अजून कोणी जपून ठेवला असेल, तर त्याचा रिसीव्हर उघडून पाहावा. बोलण्याच्या बाजूची चकती काढून कानाजवळ हलवली तर आत बारीक वाळूसारखे काही सरकल्याचे ऐकू येते. ते कार्बनचे कण. हे कण कालांतराने एकमेकांत घट्ट बसतात, रोध बदलेनासा होतो आणि पलीकडच्याला आवाज खोल गेल्यासारखा वाटतो. म्हणूनच पूर्वी लोक रिसीव्हर तळहातावर एकदोनदा आपटून मग पुन्हा बोलत. ऐकण्याच्या बाजूला तारेची गुंडाळी, कायम चुंबक आणि त्यासमोर लोखंडाची पातळ चकती असते. एका टोकाला प्रवाहाची तोटी, दुसऱ्या टोकाला चुंबकाने ओढले जाणारे लोखंड : एक्सेटर प्लेसच्या दोन खोल्यांत त्या संध्याकाळी जी मांडणी होती, तीच या वीतभर दांड्यात बसवलेली आहे.